परवा मी घरी चाललो होतो, आणि एक माणूस येतो

मराठी माणसाला एखादा घडलेला प्रसंग सांगायला बसवा. पहिलं वाक्य तो मुलाखतीला आल्यासारखं शिस्तीत बोलतो: ‘परवा मी बँकेत गेलो होतो.’ दुसरंही सरळ जातं: ‘ही गर्दी होती.’ तिसऱ्या वाक्याला मात्र त्याचा पाय घसरतो: ‘आणि काय सांगू, समोरून कोण येतो? आमचा जुना साहेब!’ परवा येऊन, पासबुक भरून घरी गेलेला साहेब आत्ता, या क्षणी, आपल्या दिवाणखान्यात येतो. ऐकणाऱ्यांपैकी कुणीही दाराकडे बघत नाही. कुणी विचारतही नाही, ‘अरे, मघाशी होतो म्हणालास, आता येतो काय?’ सगळे पुढे सरकून बसतात, एवढंच.

या काळाला व्याकरणात ऐतिहासिक वर्तमानकाळ असं भारदस्त नाव आहे. नाव ऐकून वाटावं, की हा पानिपतासारख्या प्रसंगांसाठी राखून ठेवलेला असणार. प्रत्यक्षात त्याचा सर्वांत जास्त खप रिक्षावाल्याशी झालेल्या भांडणाला, दवाखान्यातल्या रांगेला आणि विहीणबाईंच्या टोमण्याला आहे. कीर्तनकार तर त्याच्यावाचून उभाच राहू शकत नाही. पूर्वरंगात तो जे काही बोलेल ते बोलेल, पण उत्तररंगात आख्यान लागलं की नारद येतात, देव विचारतात, आणि द्रौपदी हाक मारते ती बुक्क्याचा टिळा लावून समोर बसलेल्या आजींच्या अगदी कानाशी. आजींना हे महाभारतातलं आहे हे पक्कं माहीत असतं. त्यांना रडू येतं ते आत्ता.

तोंडाने सांगताना कुणाचंच काही अडत नाही. अडतं ते हाच किस्सा कुणीतरी कागदावर उतरवतो आणि दुसऱ्या कुणाला तरी ‘जरा नीट लिहून दे’ म्हणून देतो तेव्हा. तो दुसरा कुणीतरी म्हणजे मी. वाचकांनी पाठवलेले किस्से छापण्याजोगे करून देणं हे माझं काम. त्यामुळे ‘काळ एकसारखा करा’ ही सूचना मला घरच्या पत्त्याइतकी पाठ आहे. शाळेतल्या ‘सूचनेप्रमाणे बदल करा’ या प्रश्नावर वाढलेल्या प्रत्येक माणसाला ही सूचना निरुपद्रवी वाटते. ‘येतो’ दिसला की ‘आला’ करा, ‘म्हणतो’ दिसला की ‘म्हणाला’ करा, वाक्यामागे एक गुण घ्या आणि घरी जा.

तर एक नमुनाच घेऊ. एका गृहस्थांनी सांगितलेला, सांगितला तसाच उतरवलेला.

‘परवा मी घरी चाललो होतो. हातात श्रीखंडाचा डबा, वर भुरभुर पाऊस. एवढ्यात समोरून एक माणूस येतो. येतो तो थेट माझ्यासमोर उभा राहतो आणि हसतो. मीही हसतो. ओळख काही पटत नाही! तो म्हणतो, “काय, ओळखलंत का?” मी म्हणतो, “म्हणजे काय!” आणि वर ठोकून देतो, “अहो, किती वर्षांनी भेटतोय आपण!” तो माझ्याकडे बघतो, डब्याकडे बघतो आणि म्हणतो कसा, “काल सोसायटीच्या मीटिंगमध्ये अर्धा तास भांडत होतात माझ्याशी.” आमच्या सोसायटीत सव्वीस बिऱ्हाडं आहेत हो!’

आता हाच मजकूर नव्याने कामाला लागलेल्या एका होतकरू मुलाने ‘एकसारखा’ केला, तो असा:

‘परवा मी घरी जात होतो. माझ्या हातात श्रीखंडाचा डबा होता. तेवढ्यात समोरून एक माणूस आला. तो माझ्यासमोर उभा राहून हसला. मीही हसलो. मला त्याची ओळख पटली नाही. त्याने मला ओळखले का, असे विचारले. मी होकार देऊन आपण बऱ्याच वर्षांनी भेटत असल्याचे सांगितले. त्याने माझ्याकडे व डब्याकडे बघून, मी काल सोसायटीच्या बैठकीत त्याच्याशी अर्धा तास भांडत होतो, असे सांगितले. आमच्या सोसायटीत सव्वीस बिऱ्हाडे होती.’

शुद्धलेखन निर्दोष. काळ एकसारखा. आणि वाचल्यावर पहिला प्रश्न पडतो: मग पोलिसांनी त्या इसमास ताब्यात घेतले काय? कारण ही भाषा चौकीतल्या जबाबाची आहे. ‘मी राहत्या घरी पायी जात असता एक अनोळखी इसम समोरून आला व सदर इसमाने मजकडे पाहून हास्य केले’ एवढाच बदल केला, की खाली सही करून तक्रार दाखल करता येते. जबाबात वर्तमानकाळ नसतो त्याला कारण आहे. हवालदाराला प्रसंग पुन्हा घडायला नको असतो. एकदा घडला तोच त्याला जास्त झालेला असतो.

नेसा वुल्फसन या अमेरिकन अभ्यासिकेने १९७०च्या दशकाच्या अखेरीस इंग्रजी बोलणाऱ्यांचे असेच किस्से तपासले, तेव्हा तिला हेच आढळलं होतं. बरोबरीच्या, ओळखीच्या माणसांत गप्पा रंगल्या की सांगणारा प्रसंग वठवायला लागतो आणि वर्तमानकाळ येतो. तीच माणसं औपचारिक मुलाखतीला बसवली, समोर प्रश्न विचारणारा परका असला, की तो काळ आटतो. म्हणजे काळ बदलून टाकणारा संपादक क्रियापदं बदलतो असं त्याला वाटत असलं, तरी खरं तर तो श्रोता बदलतो. कट्ट्यावरचा मित्र उठवून तिथे फौजदार बसवतो.

आता त्या होतकरू मुलाची वाक्यं सुटी करून बघू, कारण चुका क्रियापदांत असल्या तरी त्या वेगवेगळ्या जातींच्या आहेत.

सगळ्यांत मोठी म्हणजे सोसायटी. ‘सव्वीस बिऱ्हाडं आहेत हो’ हा ऐतिहासिक वर्तमानकाळ नव्हेच. तो साधा, खरा, आजचा वर्तमानकाळ आहे. बिऱ्हाडं आजही आहेत, पाण्याचा टँकर आजही उशिरा येतो. हे वाक्य प्रसंगाच्या बाहेर येऊन सांगणाऱ्याने आपल्याकडे बघून काढलेले उद्गार आहेत. त्यातच खरी गंमत आहे: सव्वीसांतला एक माणूस ओळखू येऊ नये! त्याचं ‘होती’ केलं आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे इमारत पुनर्विकासाला गेली, बिल्डर भाडं थकवून बसला, सव्वीस बिऱ्हाडं सव्वीस दिशांना पांगली. विनोदाचा मागमूस नाही. हीच जात माणसांच्या बाबतीत जास्त महागात पडते. ‘आमचे मामा पोस्टात आहेत, फार विसरभोळे आहेत’ याचं सरसकट ‘होते, होते’ करून छापा आणि मामांच्या घरी येणारे फोन मोजा. मामा स्वतःच फोन उचलतात, त्यामुळे समोरच्याची पंचाईत वेगळीच.

दुसरी जात अवतरणचिन्हांतली. माणूस म्हणतो, ‘काल भांडत होतात माझ्याशी.’ हा ‘काल’ त्याच्या तोंडातला आहे, म्हणून तो त्याच्या दिवसापासून मोजायचा. अवतरणचिन्हं काढून वाक्य निवेदकाच्या तोंडी दिलं, की ‘काल’ निवेदकाच्या दिवसापासून मोजला जातो. भेट परवाची, भांडण कालचं. म्हणजे परवा भेटलेला माणूस दुसऱ्या दिवशी होणाऱ्या भांडणाची आठवण करून देतो. हा भविष्यवेत्ता असेल तर किस्सा तिथून सुरू व्हायला हवा होता. खरं तर मराठीला या उलथापालथीची गरज नाही. ‘दार उघडं आहे असं मला दिसलं’ हे आपण निवांतपणे बोलतो. दिसण्याचा काळ भूत, दाराचा वर्तमान, दोघांचं भांडण नाही. दाराला मागे ओढून ‘दार उघडं होतं असं मला दिसलं’ म्हटलं, तर ते आधी कधीतरी उघडं होतं की काय, अशी उगाच शंका येते.

तिसरी जात बारीक आहे आणि माझी आवडती. ‘ओळख काही पटत नाही’ याचं त्याने ‘पटली नाही’ केलं. ‘पटत नाही’मध्ये माणूस अजून प्रयत्न करतोय. डोक्यात फायली उघडतोय: ऑफिसातला? लग्नातला? की गॅसवाला? ‘पटली नाही’ म्हटल्यावर फाईल बंद, निकाल जाहीर. पुढची सगळी थाप वाचकाला आधीच कळून चुकलेली. आता गंमत बघा. मराठीच्या भूतकाळाजवळ याचं उत्तर तयार आहे, ते म्हणजे ‘पटेना’. सुचेना, कळेना, दिसेना, हलेना. झालेल्या गोष्टीतली चालू असलेली झटापट एका रूपात दाखवण्याची सोय आपल्या भाषेने करून ठेवली आहे. काळ बदलायचाच असेल तर हे रूप हाताशी हवं. ‘नाही’ दिसलं की ‘नव्हतं’ करणाऱ्याला ते सुचेना, यात आश्चर्य नाही.

चौथी जात मात्र खास मराठी, आणि इथे इंग्रजीवाल्यांची अक्कल चालत नाही. इंग्रजीत काळ बदलला तरी कर्ता जिथल्या तिथे असतो. मराठीत तसं नाही. ‘तो बघतो’चं ‘त्याने बघितलं’ होतं, आणि ‘तो म्हणतो’चं मात्र ‘तो म्हणाला’च राहतं. सकर्मक धातूच्या ‘तो’, ‘ती’सारख्या कर्त्याला भूतकाळात ‘ने’ लागतो आणि क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं. त्यातही ‘म्हणाला’मधलं म्हणणं, बोलणं, विसरणं, शिकणं, जेवणं अशी काही मंडळी ‘ने’ लावून घ्यायला तयार नसतात. एरवी हे कुणाच्या लक्षात येत नाही. पण किश्श्यात क्रियापदं एका कर्त्याच्या मागे रांगेने उभी असतात: ‘तो माझ्याकडे बघतो, डब्याकडे बघतो आणि म्हणतो.’ एक ‘तो’ तिघांना पुरतो. भूतकाळ करा: ‘त्याने माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं आणि…’ म्हणाला? कोण म्हणाला? ‘त्याने’ तर ‘म्हणाला’ला चालत नाही. मग पुन्हा ‘तो’ आणायचा: ‘आणि तो म्हणाला.’ एका माणसाचे दोन झाले.

ही अडचण अनुभवी हात एका क्षणात सोडवतात: ‘बघून’. ‘माझ्याकडे व डब्याकडे बघून तो म्हणाला.’ व्याकरण सुटलं, किस्सा बुडाला. कारण हा सगळा किस्सा त्या दुसऱ्या ‘बघतो’वर उभा आहे. तो माणूस आधी तोंडाकडे बघतो. मग श्रीखंडाच्या डब्याकडे बघतो. या दोन बघण्यांच्या मधे ऐकणाऱ्याच्या मनात येतं, आता हा काहीतरी बोलणार. सांगणारा तिथे मान वळवून डब्याकडे बघून दाखवतो. फोडणीत मोहरी तडतडायची वाट न बघता हिंग, हळद आणि भाजी एकदमच टाकल्यासारखं ‘बघून’ सगळं एका दमात उरकतं.

मग हे भूतकाळात लिहिताच येत नाही का? येतं की. संपादकांनी ठासून सांगितलं, की आमच्या अंकात वर्तमानकाळ चालणार नाही, तर मी असं करतो:

‘परवा मी घरी चाललो होतो. हातात श्रीखंडाचा डबा, वर भुरभुर पाऊस. एवढ्यात समोरून एक माणूस आला. आला तो थेट माझ्यासमोर उभा राहिला आणि हसला. मीही हसलो. ओळख काही पटेना. “काय, ओळखलंत का?” “म्हणजे काय!” मी म्हटलं, आणि वर ठोकून दिलं, “अहो, किती वर्षांनी भेटतोय आपण!” त्याने माझ्याकडे बघितलं. मग डब्याकडे बघितलं. “काल सोसायटीच्या मीटिंगमध्ये अर्धा तास भांडत होतात माझ्याशी.” आमच्या सोसायटीत सव्वीस बिऱ्हाडं आहेत हो!’

बदल फारसे नाहीत. दोन्ही बघण्यांना स्वतंत्र वाक्यं दिली, म्हणजे मधली उसंत शाबूत राहिली. पहिलं आणि शेवटचं ‘तो म्हणाला’ उडवलं. कोण बोलतोय हे वाचकाला कळतंच, आणि ‘त्याने’ की ‘तो’ हा वादच मिटला. डबा आणि पाऊस यांना मूळ सांगणाऱ्यानेच क्रियापद दिलं नव्हतं, ते मी दिलं नाही. क्रियापद नसलेल्या वाक्याला काळ नसतो, त्यामुळे ते कुठल्याही काळात सुखाने राहतं. होतकरू मुलाने तिथे ‘होता’ घातला होता, बहुधा वाक्य अपुरं वाटलं म्हणून. बिऱ्हाडांना हात लावला नाही.

एक ‘म्हणतो कसा’ मात्र या खटाटोपात गेला, आणि त्याचं मला वाईट वाटतं. त्याचा भूतकाळ तितका रंगत नाही. ‘म्हणाला कसा’ म्हणून बघा, ती मजा येत नाही. ‘बघतो तर काय’ हाही त्याच घरातला. ‘दार उघडून बघतो तर काय, मांजर श्रीखंडात!’ इथे ‘बघितले असता काय’ असं करणाऱ्याला मी मांजराच्या स्वाधीन करीन. ही रूपं वर्तमानकाळातच खुलतात. आजूबाजूला कितीही भूतकाळ असला तरी ती तशीच शोभतात.

संस्कृतवाल्यांचं बरं होतं. वर्तमानकाळाच्या रूपापुढे ‘स्म’ जोडला की भूतकाळाचा अर्थ येतो, याला पाणिनीचीच मान्यता आहे. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना आठवत असेल, गोष्टीतला राजा ‘वसति’, म्हणजे राहतो, आणि मागे ‘स्म’ लागला की राहत होता. क्रियापदाचा काळ तोच, वर नुसती चिठ्ठी चिकटवली: ही गोष्ट जुनी आहे. आपल्याकडे चिठ्ठीचं काम किश्श्याचं पहिलं वाक्य करतं. म्हणूनच ते भूतकाळात लागतं, आणि यावरून उलट दिशेने होणाऱ्या घोटाळ्याकडे येतो.

कारण हल्ली दुसऱ्या टोकाची सूचनाही येते: ‘जरा जिवंत करा, सगळं वर्तमानकाळात आणा.’ उत्साही माणूस मग पहिल्या वाक्यापासून सुरू करतो: ‘परवा मी घरी चाललोय.’ झालं! मराठीत ‘परवा’ म्हणजे कालच्या आधीचा दिवस आणि उद्याच्या नंतरचाही. कोणता, ते क्रियापद सांगतं. त्यात आपला वर्तमानकाळ भविष्यालाही चालतो, ‘उद्या येतो’ म्हणतोच की आपण. त्यामुळे ‘परवा मी घरी चाललोय’ ऐकून समोरचा म्हणतो, ‘हो का? मग जाताना आमचा डबा देता का?’ आणि ‘चाललोय’चंही ‘चालतो’ केलं तर आणखी कहर: ‘मी घरी चालतो, हातात श्रीखंडाचा डबा असतो.’ आता हा रोजचा नेम झाला. रोज संध्याकाळी श्रीखंड. विनोदी किस्सा मधुमेहाच्या माहितीपत्रकात गेला.

डेबोरा शिफ्रिन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९८१ साली गोष्टीत वर्तमानकाळ कुठे येतो, याचीच मोजदाद इंग्रजी कथनांवर केली. सुरुवातीची पार्श्वभूमी वर्तमानकाळात जात नाही, तो काळ गोष्टीच्या मधल्या, घडामोडींच्या भागात येतो, असं त्यांच्या नोंदींत दिसलं. आमच्या श्रीखंडवाल्या गृहस्थांनी हा अभ्यास वाचला असण्याची शक्यता कमी आहे. पण ‘चाललो होतो’ भूतकाळात, माणूस आल्यापासून वर्तमान, आणि शेवटी बिऱ्हाडांसाठी आपल्याकडे वळून बघणं, हे त्यांनी एका दमात, तेही हातवारे करत, अचूक केलं. चूक शोधायला आम्ही बसलो होतो.

गप्पांत तर याहून बारीक खेळ चालतात. फोनवर दोन मैत्रिणींचं बोलणं ऐका. ‘मी म्हटलं, येणारेस का? तर म्हणते कशी, बघू. मी म्हटलं, बघू काय बघू? तर म्हणते, मुलाची परीक्षा आहे.’ स्वतःसाठी ‘म्हटलं’, दुसरीसाठी ‘म्हणते’. स्वतः बोलून मोकळी झाली, दुसरी अजून तोंड वेंगाडून समोर उभी आहे. हे एकसारखं केलं, की दोघी सारख्याच शहाण्या वाटायला लागतात, आणि तसं सांगणारीच्या मनात अजिबात नसतं.

तेव्हा किस्से नीट करायला बसणाऱ्या सर्व बंधुभगिनींना एवढीच विनंती: लाल पेन उचलण्याआधी मजकूर एकदा मोठ्याने वाचा. पहिल्या वाक्यात ‘होतो’ आहे ना, हे तपासा. आजही खरं असलेलं आहे तसंच ठेवा. अवतरणचिन्हांच्या आत शिरू नका. आणि मधे कुणी येत असेल, तर त्याला येऊ द्या.

आणि ज्यांचे मामा हयात आहेत, त्यांनी मजकूर पाठवताना तसं समासात लिहून कळवावं.